मोहिं म्हणजे मोह नव्हे

आमच्या वस्तीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारी संध्याकाळी हनुमान चालिसा म्हटली जाते. म्हणणारे बहुतेक जण मराठी आहेत, चालिसा सर्वांना पाठ आहे आणि तिचा अर्थ साधारणपणे सर्वांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी देवळातल्या मंडळींनी मला तिचा मराठी अर्थ एका कागदावर लिहून देण्यास सांगितले, म्हणजे त्याच्या प्रती काढून वाटता येतील. मी एका रात्रीत तो लिहिला. सुरुवातीच्या दुसऱ्या दोह्याखाली मी लिहिले होते, ‘मला बल, बुद्धी आणि विद्या दे, माझा मोह, क्लेश आणि विकार दूर कर.’ कागद वाटला गेला आणि तीन आठवडे कोणीही काही म्हणाले नाही, कारण वाक्य वाचताना कुठेही खटकत नव्हते. पण मूळ दोह्यात मोह नाहीच. तो मी घातला होता.

दोहा असा आहे:

बुद्धिहीन तनु जानिके, सुमिरौं पवन-कुमार।
बल बुधि बिद्या देहु मोहिं, हरहु कलेस बिकार॥

‘मोहिं’ हे सर्वनाम आहे आणि त्याचा अर्थ ‘मला’. मी ते सर्वनाम म्हणून एकदा घेतले आणि शेजारी क्लेश व विकार दिसताच त्याच शब्दातून मोहही काढला. मराठी कानाला हे तीन शब्द एकाच कुळातले वाटतात, आणि षड्रिपूंची यादी आपल्याला इतकी सवयीची आहे की तिच्यातला एक शब्द नसला तर आपणच तो पुरवतो.

चूक दाखवली ती आमच्या शेजारच्या काकांनी. ते मूळचे सुलतानपूरकडचे, म्हणजे अवधी मुलखातले. रेल्वेतली सगळी नोकरी महाराष्ट्रात झाली आणि आता मराठी आमच्यासारखेच बोलतात. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला, मग मला म्हणाले, “ताई, मोहिंनंतर थांबायचं असतं. तो शब्द देहुच्या घरचा आहे, हरहुच्या नाही.” मग त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. त्यांच्या तोंडी ‘मोहिं’ इतका आखूड होता की मला तो जवळजवळ ‘मुहि’ असा ऐकू आला.

त्या एका उच्चारात सगळे उत्तर होते, आणि ते मात्रा मोजून पडताळता येते. दोह्याच्या प्रत्येक ओळीत आधी तेरा मात्रा, मग यती म्हणजे थांबण्याची जागा, मग अकरा मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन; जोडाक्षराआधीचे अक्षरही दीर्घ धरतात. ‘बल बुधि’ यांच्या चार, ‘बिद्या’च्या चार, ‘देहु’च्या तीन, झाल्या अकरा. आता ‘मोहिं’ला उरल्या दोनच. मराठी पद्धतीने ‘मो’ दीर्घ म्हटला तर चरण चौदा मात्रांचा होतो. म्हणून तो ‘मो’ ऱ्हस्व म्हणायचा. अवधीत ए आणि ओ हे स्वर आखूडही असतात, पण देवनागरीत त्यांच्यासाठी वेगळे चिन्ह नसल्यामुळे कागदावर ते दिसत नाहीत. ते छंद सांगतो किंवा ज्याची ती भाषा आहे तो माणूस सांगतो. आणि तेरा मात्रा ‘मोहिं’वर पूर्ण होतात, म्हणजे यती तिथेच आहे. ‘बल, बुद्धी, विद्या मला दे’ हे एक वाक्य तिथे संपते. ‘क्लेश आणि विकार हर’ हे दुसरे वाक्य पुढे सुरू होते. अर्थाबद्दल शंका आली तर यती कुठे पडते ते आधी पाहावे, हे मी त्या दिवशी शिकले.

मी काकांना विचारले की तुमच्या घरी ‘मोहिं’ म्हणतात का. ते म्हणाले, “नाही, आम्ही ‘हमका’ म्हणतो. मोहिं फक्त रामायणात.” तेव्हा ध्यानात आले की त्यांच्यापुढेही जुनी भाषाच आहे. आपण ‘मला’ म्हणतो आणि अभंगात ‘मज’ म्हणतो. ते ‘हमका’ म्हणतात आणि चौपाईत ‘मोहिं’ म्हणतात. म्हणून नव्या कागदावर मी ‘मोहिं’चा अर्थ ‘मला’ न लिहिता ‘मज’ लिहिला. ‘तोहि’ म्हणजे ‘तुज’, ‘ताहि’ किंवा ‘तेहि’ म्हणजे ‘त्यास’, ‘जाहि’ किंवा ‘जेहि’ म्हणजे ‘ज्यास’. जुन्या शब्दाला आपला जुना शब्द दिला की वाचणाऱ्याला अर्थ तर कळतोच, शिवाय त्या शब्दाचे वयही कळते.

त्याच दोह्यातल्या ‘जानिके’बद्दलही सांगायला हवे. लहानपणी मला तो शब्द ‘जानकी’ वाटत असे आणि सीतामाईचे नाव इथे कसे आले हे कोणाला विचारायचे धाडस होत नसे. ‘जानि’ म्हणजे ‘जाणून’. धातूला नुसती ऱ्हस्व इ लावली की अवधीत आणि ब्रजात आपले ‘-ऊन’ तयार होते, आणि पुढचा ‘के’ त्याला आधार म्हणून येतो. ‘तनु’ म्हणजे देह. स्वतःला बुद्धिहीन देहधारी जाणून मी पवनकुमाराचे स्मरण करतो, असा तो चरण आहे. ही ऱ्हस्व इ मराठी तोंडात टिकत नाही, कारण आपण शब्दाच्या शेवटची इ दीर्घ लिहितो आणि दीर्घच म्हणतो. ‘सुधारि’चे ‘सुधारी’ झाले की ते क्रियापद आहे हेच विसरायला होते. पण दोह्याच्या शेवटी आधी दीर्घ आणि मग ऱ्हस्व अक्षर यावे असा नियम आहे, आणि तो इथे उपयोगी पडतो:

श्रीगुरु चरन सरोज रज, निज मनु मुकुरु सुधारि।
बरनउँ रघुबर बिमल जसु, जो दायकु फल चारि॥

चालिसेचा हा पहिला दोहा. रामचरितमानसाच्या अयोध्याकांडाच्या आरंभीही तोच आहे. ‘निज मनु मुकुरु सुधारि’ या मात्रा मोजल्या तर दोन, दोन, तीन आणि चार मिळून बरोबर अकरा होतात. ‘सुधारी’ म्हटले की बारा. श्रीगुरूंच्या चरणकमलांच्या धुळीने आपल्या मनाचा आरसा घासूनपुसून मी रघुवराचे निर्मळ यश वर्णितो, जे चारी फळे देणारे आहे, असा अर्थ. चार फळे म्हणजे धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ.

इथे ‘मनु’, ‘मुकुरु’, ‘जसु’, ‘दायकु’ या शब्दांच्या शेवटी जो उकार आहे त्याने अनेक जण गोंधळतात. ‘मनु’ म्हणजे मनू राजा नव्हे, आणि ‘जसु’ म्हणजे ‘जसा’ नव्हे. मन, मुकुर, यश, दायक हेच ते शब्द. अकारान्त पुल्लिंगी नामाच्या एकवचनाला कर्ता किंवा कर्म असताना हा उकार लागतो, आणि तो अपभ्रंश या जुन्या भाषेतून आलेला आहे. मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे काही कारण नाही, कारण ज्ञानेश्वरी उघडली की दुसऱ्याच ओवीत ‘देवा तूंचि गणेशु’ येते आणि त्याच ओवीत ‘म्हणे निवृत्तिदासु’ येते. गणेश आणि दास यांना लागलेला उकार आणि मन व यश यांना लागलेला उकार हे एकाच घरचे आहेत. ज्ञानेश्वरीचा काळ ग्रंथातच दिलेला आहे, शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. तुलसीदासांनीही मानसाचा आरंभ कधी झाला ते सांगितले आहे: ‘संबत सोरह सै एकतीसा। करउँ कथा हरि पद धरि सीसा॥’ संवत 1631, म्हणजे 1574. पावणेतीनशेहून अधिक वर्षांचे अंतर असूनही तो उकार दोन्हीकडे ऐकू येतो. आज तो मराठीत नाही आणि हिंदीतही नाही.

‘करउँ’ आणि ‘बरनउँ’ यांतली ‘-उँ’ म्हणजे प्रथमपुरुषी एकवचन: मी करतो, मी वर्णितो. कर्ता वेगळा लिहिलेला नाही, तो शेपटीतच आहे. काही पुस्तकांत हाच शब्द ‘बरनौं’ असा छापलेला असतो आणि लोक विचारतात की बरोबर कोणते. ‘-अउँ’ हे रूप अवधीचे, ‘-औं’ हे ब्रजाच्या वळणाचे. मात्रा दोन्हींच्या सारख्याच, चार, त्यामुळे छंदाला काही फरक पडत नाही. चालिसेत ‘बरनउँ’ आणि ‘सुमिरौं’ अशी दोन्ही वळणे शेजारी शेजारी नांदतात. सावध राहायचे ते वेगळ्याच ठिकाणी. मनाच्या श्लोकांतल्या ‘नमूं शारदा’मुळे आपल्याला ‘-ऊं’ची सवय आहे, पण आपले ‘नमूं’ म्हणजे ‘आपण नमन करू’, ते अनेकवचन आहे. ‘बरनउँ’ एकट्याचे आहे. ‘वर्णू या’ असा अर्थ लावला तर एकटा बसून मनाचा आरसा पुसणारा माणूस त्या दोह्यातून नाहीसा होतो.

आता ‘-हिं’कडे वळते, कारण मराठी वाचकाची सर्वांत जास्त फसगत तिथे होते. सुंदरकांडात ब्रह्मास्त्राने मूर्च्छित झालेला हनुमान नागपाशाने बांधला जातो तेव्हा शंकर पार्वतीला म्हणतात:

जासु नाम जपि सुनहु भवानी। भव बंधन काटहिं नर ग्यानी॥
तासु दूत कि बंध तरु आवा। प्रभु कारज लगि कपिहिं बँधावा॥

‘काटहिं’ आणि ‘कपिहिं’. दोघांची शेपटी सारखी, काम अगदी निराळे. ‘काट’ हा धातू आहे, म्हणून ‘काटहिं’ म्हणजे ‘कापतात’. तृतीयपुरुषी अनेकवचन, ज्याचा कर्ता ‘नर ग्यानी’. ‘कपि’ हे नाम आहे, म्हणून ‘कपिहिं’ म्हणजे ‘कपीस’, ‘कपीला’. ही विभक्ती आहे, ‘मोहिं’मध्ये होती तीच. शेपटी कोणाच्या मागे लागली आहे ते पाहिले की उलगडा होतो: धातूच्या मागे असेल तर ‘ते करतात’, नामाच्या किंवा सर्वनामाच्या मागे असेल तर ‘-स’ किंवा ‘-ला’. शेवटचा टिंब म्हणजे अनुनासिक उच्चार आहे. वेलांटीमुळे चंद्रबिंदूला जागा नसते म्हणून नुसते टिंब छापतात. ‘काटहिं’च्या मात्रा चारच धरल्या तरच चौपाईचा चरण सोळा मात्रांचा राहतो. ‘हिम्’ असा जड उच्चार केला की चरण अडखळतो.

‘जासु’ आणि ‘तासु’ म्हणजे ‘ज्याचे’ आणि ‘त्याचा’. संस्कृतातल्या ‘यस्य’ आणि ‘तस्य’ यांचे हे वंशज. पहिल्या ओळीतला ‘ज्याचे’ दुसऱ्या ओळीतल्या ‘त्याचा’मुळे पूर्ण होतो, म्हणून या दोन ओळी वेगळ्या करून अर्थ सांगता येत नाही. ‘तरु’ म्हणजे इथे झाड नव्हे, ‘तळी’, ‘खाली’. ‘कि’ प्रश्नार्थक आहे. ‘आवा’ म्हणजे ‘आला’. सगळे जुळवले की असे होते: भवानी, ऐक, ज्याचे नाम जपून ज्ञानी माणसे भवाचे बंधन तोडतात, त्याचा दूत बंधनात सापडला काय? प्रभूच्या कार्यासाठी कपीने स्वतःला बांधवून घेतले. काकांनी ‘बँधावा’वर बोट ठेवून म्हटले होते, “बांधला नाही, बांधवला.” धातूतला तो लांब झालेला आकार प्रयोजकाचा आहे, आणि चौपाईचा सगळा अर्थ त्या एका आकारावर उभा आहे. ‘कपीला बांधले’ असे भाषांतर केले तर मेघनाद जिंकतो.

‘-हिं’चा आणखी एक नमुना उत्तरकांडात आहे आणि त्यात मला फार प्रिय असलेले एक क्रियापदही आहे:

हरि माया कृत दोष गुन, बिनु हरि भजन न जाहिं।
भजिअ राम तजि काम सब, अस बिचारि मन माहिं॥

‘जाहिं’ म्हणजे ‘जातात’, इथे नकारासह ‘जात नाहीत’. तिच्याशी यमक साधणारे ‘माहिं’ मात्र क्रियापदच नव्हे; ते ‘मध्ये’. ‘तजि’ म्हणजे सोडून, ‘बिचारि’ म्हणजे विचार करून. ती ऱ्हस्व इ इथेही आहे. हरीच्या मायेने केलेले दोष आणि गुण हरिभजनावाचून जात नाहीत. असा मनात विचार करून, सर्व कामना सोडून रामाला भजावे.

हे ‘भजावे’ म्हणजेच ‘भजिअ’. ते आज्ञार्थी नाही, ‘तू भज’ असे ते म्हणत नाही. ते मूळचे कर्मणी रूप आहे: राम भजला जातो, आणि त्यातून, राम भजावा. प्राकृतात या कर्मणी प्रत्ययाची ‘-इज्ज’ आणि ‘-ईअ’ अशी दोन रूपे होती. महाराष्ट्री प्राकृताने ‘-इज्ज’ उचलले, आणि मराठीत ते ‘-इजे’ झाले: म्हणिजे, कीजे, पाहिजे. दिवसातून शंभर वेळा आपण जो ‘म्हणजे’ म्हणतो तो हाच, ‘म्हटले जाते’ या अर्थाचा. आणि ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिले जाते’. अवधीत बहुधा ‘-इअ’ दिसते, पण ‘कीजै’, ‘दीजै’ यांत आपला ज तिथेही आहे. चालिसेच्या शेवटच्या चौपाईतले ‘कीजै नाथ हृदय महँ डेरा’ हे म्हणून ‘केला’ नव्हे. ‘नाथा, हृदयात मुक्काम करावा’ अशी ती विनंती आहे. आणि पसायदान आठवून पाहावे. ‘भजिजो आदिपुरुखीं अखंडित’ असे तिथे आहे. ‘भजिअ राम’ आणि ‘भजिजो आदिपुरुखीं’: धातू एक, प्रत्ययाचे कूळ एक. कागदावर या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते.

राहिला प्रश्न ‘-हु’चा, आणि तो मला सर्वांत अवघड गेला. ‘देहु’, ‘हरहु’, आणि चालिसेच्या शेवटच्या दोह्यातले ‘बसहु’:

पवनतनय संकट हरन, मंगल मूरति रूप।
राम लखन सीता सहित, हृदय बसहु सुर भूप॥

आधी एक छोटी अडचण दूर करते. ‘बसहु’ म्हणजे ‘बसा’ नव्हे. अवधी आणि ब्रज व-च्या जागी ब घेतात. ‘बरनउँ’मध्ये वर्ण आहे, ‘बिमल’मध्ये विमल आहे, तसा ‘बसहु’मध्ये वस् धातू आहे. हृदयात वस्ती करा. ‘हृदय’ला कोणतीही विभक्ती लावलेली नाही, ती आपण समजून घ्यायची. मोठी अडचण अशी की ‘-हु’ ही ‘तुम्ह’ला लागणारी आज्ञार्थाची शेपटी आहे, ‘तू’ची वेगळी असते. सुंदरकांडातच सीतेचा शोध लावून हनुमान परत येतो तेव्हा राम त्याला म्हणतो:

सुनु सुत तोहि उरिन मैं नाहीं। देखेउँ करि बिचार मन माहीं॥

‘सुनु’ म्हणजे ‘ऐक’, तू ऐक. ‘तोहि उरिन मैं नाहीं’, तुझ्या ऋणातून मी मोकळा होऊ शकत नाही, बाळा. ‘देखेउँ’ म्हणजे ‘मी पाहिले’, आणि इथेही ‘मी’ शेपटीतच आहे. ‘-एउँ’ भूतकाळाचे प्रथमपुरुषी रूप. आपल्या ‘पाहिले’मध्ये कोणी पाहिले ते कळत नाही, ‘म्यां’ वेगळे लिहावे लागते. मनात विचार करून मी पाहिले, असे राम सांगतो आहे, आणि हिशेब स्वतः करून पाहिल्याची कबुली त्या ‘-एउँ’मध्ये आहे. स्वामी सेवकाला ‘सुनु’ म्हणतो आणि भक्त त्याच सेवकाला ‘देहु’ म्हणतो. नाते प्रत्ययात लिहिलेले आहे.

मग मराठीत ‘देहु’चे काय करायचे? व्याकरणाने ते ‘द्या’ होते. पण मराठी माणूस देवाला ‘द्या’ म्हणत नाही. तुकोबांनी ‘हेंचि दान देगा देवा’ म्हटले आहे आणि आपल्या आरत्या-अभंगांत देव ‘तू’च असतो. ‘बल, बुद्धी, विद्या मज द्या’ हे एखाद्या अर्जासारखे वाटते. तुलसीदासांची भाषा अदबीची आहे म्हणून अदब राखावी, की भावना जवळिकीची आहे म्हणून ‘तू’ घ्यावे, यावर काकांचे आणि माझे दोन शनिवार बोलणे झाले. ते ‘द्या’च्या बाजूचे होते. “आमच्याकडे वडिलांना कोणी तू म्हणत नाही,” असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना विनयपत्रिकेतले ब्रज पद वाचून दाखवले:

तू दयालु, दीन हौं, तू दानि, हौं भिखारी।

‘हौं’ म्हणजे ब्रजातला ‘मी’, हिंदीतला ‘हूँ’ नव्हे. ‘आहे’ तिथे अध्याहृत आहे, जसे आपण ‘तू दयाळू, मी दीन’ एवढेच म्हणू शकतो. आणि समोर ‘तू’ आहे. तुलसीदासांनाही रामाला ‘तू’ म्हणता येत होते, ते त्यांनी ‘हौं’च्या शेजारी उभे राहून म्हटले. काकांनी ती ओळ दोनदा म्हणून घेतली, मग म्हणाले, “ते एकट्यात म्हटलं आहे. चालिसा तर सगळे मिळून म्हणतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मला अजूनही वाटते की त्यांचे बरोबर असावे.

नव्या कागदावर त्या दोह्याचा अर्थ आता असा आहे: ‘स्वतःला बुद्धिहीन देहधारी जाणून मी पवनकुमाराला स्मरतो. बळ, बुद्धी, विद्या मज द्यावी. क्लेश आणि विकार हरावे.’ ‘द्या’ही नाही आणि ‘दे’ही नाही. ‘तोषोनि मज द्यावें’ या पसायदानातल्या शब्दांवरून मी ते ‘द्यावी’ घेतले. काकांनी पेन्सिलीने ‘मज’खाली एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर ‘छोटा मो’ असे लिहिले आणि कागद प्रती काढायला दिला.